स्कॅन केलेल्या गुणपत्रकातील फेरफार कसा ओळखावा

अर्जासोबत स्कॅन होऊन आलेले खोटे गुणपत्रक अनेकदा पूर्णपणे खोटे नसते. कागद खरा असतो, शिक्का आणि सही खरी असते, आणि त्या खऱ्या कागदाचे स्कॅन घेऊन त्यातले दोन-तीन आकडे, एखादे नाव किंवा उत्तीर्ण झाल्याचे वर्ष तेवढे बदललेले असते. या लेखात अशाच फेरफाराचा विचार केला आहे. कोऱ्या पानापासून रचून, छापून आणि मग स्कॅन करून पाठवलेले बनावट गुणपत्रक या पद्धतीने सापडेलच असे नाही, कारण त्याचे स्कॅन अस्सल असते; तिथे देणाऱ्या संस्थेकडे चौकशी करणे हाच मार्ग उरतो.

सगळ्या तपासणीमागचे तत्त्व एकच आहे. गुणपत्रकातला मजकूर एका छपाईयंत्रातून एका वेळी भरला जातो आणि ते पान स्कॅनरवर एकदाच ठेवले जाते. त्यामुळे पानाचा तिरकेपणा, कागदाची रवाळ पोत, अक्षरांच्या काठांचा धूसरपणा आणि छपाईचे सरकणे हे सर्व पानभर सारखे असले पाहिजे. म्हणून खात्रीचा नमुना हाताशी नसला, तरी त्या पानाची तुलना त्याच पानाशी करता येते, आणि नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

आधी फाइल नीट मिळवा

स्क्रीनशॉटवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीवर पिक्सेलची तपासणी करण्यात अर्थ नाही. फोटो पाठवताना त्याचे आकारमान घटवले जाते आणि तो पुन्हा दाबला जातो. या धांदलीत फेरफाराच्या खुणा पुसल्या जातात आणि नसलेल्या खुणा उमटतात. अर्जदाराकडून मूळ स्कॅन फाइल ईमेलने, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवावी. आलेली फाइल तशीच बाजूला जपून ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे.

पीडीएफ फाइल थेट गिंपसारख्या चित्रसंपादकात उघडण्याचा मोह नव्या माणसाला हमखास होतो. तो टाळावा. असा संपादक पीडीएफचे पान आपल्या मनाने निवडलेल्या रिझोल्यूशनवर नव्याने रंगवून दाखवतो, त्यामुळे समोर दिसणारे पिक्सेल स्कॅनरचे नसतात. त्याऐवजी पीडीएफच्या पोटातील चित्रे जशीच्या तशी बाहेर काढावीत. पॉप्लर या मोफत संचातील दोन आज्ञा त्यासाठी पुरतात. पहिली आत किती चित्रे आहेत ते सांगते आणि दुसरी ती बाहेर काढते.

```
pdfimages -list gunpatrak.pdf
pdfimages -all gunpatrak.pdf chitra
```

रिझोल्यूशनचा हिशेब

साध्या स्कॅनरवर स्कॅन केलेल्या एका पानासाठी पहिल्या आज्ञेत सहसा एकच ओळ दिसते: रुंदी, उंची आणि `x-ppi`, `y-ppi` या रकान्यांत एकच आकडा. एका इंचात किती पिक्सेल आहेत ते हा आकडा सांगतो, आणि त्यालाच सहसा डीपीआय म्हणतात. ए४ कागद ८.२७ इंच रुंद असतो. त्यामुळे ३०० डीपीआयला चित्राची रुंदी साधारण २४८० पिक्सेल, २०० डीपीआयला १६५४ आणि १५० डीपीआयला १२४० भरते. या आकड्यांच्या आसपास काही आले, तर स्कॅन सरळमार्गी आहे असे समजून पुढे जावे. मोबाइलने काढलेल्या फोटोला असे पक्के डीपीआय नसतेच, म्हणून तिथे हा हिशेब लावू नये.

लक्ष द्यायचे ते पुढील प्रकारच्या यादीकडे.

```
page num type  width height color comp bpc enc  interp object ID x-ppi y-ppi size ratio
   1   0 image  1654   2339 rgb      3   8 jpeg no        8  0   200   200  412K 3.6%
   1   1 image   210     54 rgb      3   8 jpeg no       14  0    96    96 12.3K  37%
```

पानभर २०० डीपीआयचे चित्र आहे आणि त्यावर ९६ डीपीआयचा २१० गुणिले ५४ पिक्सेलचा एक छोटा तुकडा वेगळा ठेवलेला आहे. तो तुकडा पानावर नेमका गुणांच्या किंवा नावाच्या जागी बसत असेल, तर तो तिथे स्कॅनरने ठेवलेला नाही, हे जवळपास निश्चित समजावे. दुसऱ्या आज्ञेने काढलेल्या चित्रांत हा तुकडा स्वतंत्र फाइल म्हणून मिळतो आणि त्याखाली झाकलेला मूळ आकडा पहिल्या चित्रात शाबूत सापडतो. घाईने केलेले फेरफार कधीकधी इतक्या सहज उघडे पडतात.

मात्र एकाहून अधिक ओळी दिसल्या म्हणजे फेरफार झालाच, असे नाही. कार्यालयांतील मोठी बहुउद्देशीय यंत्रे फाइल लहान करण्यासाठी पानाचे थर पाडतात. पार्श्वभूमी १०० डीपीआयला, अक्षरे ३०० डीपीआयला आणि त्यांच्या जोडीला `smask` किंवा `stencil` प्रकारची चित्रे असा तो संसार असतो. फरक असा की त्या थरांत अक्षरांचा थर पानावरील बहुतेक सर्व मजकूर व्यापतो, एका चौकोनापुरता मर्यादित नसतो. काही स्कॅनर पानाच्या आडव्या पट्ट्याही करतात. त्या सर्व एकाच रुंदीच्या आणि एकाच डीपीआयच्या असतात. त्याचप्रमाणे `pdffonts` या आज्ञेने स्कॅनमध्ये एखादा फॉन्ट दाखवला म्हणून बिचकू नये. ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरे संगणकाने ओळखलेल्या पानावर शोधण्यासाठी एक अदृश्य मजकूर घातलेला असतो आणि त्याला फॉन्ट लागतोच. टेसरॅक्ट या ओसीआर साधनाच्या फाइलमध्ये तो `GlyphLessFont` या नावाने दिसतो. स्कॅनच्या पानावर एरिअलसारखा नेहमीचा फॉन्ट दिसला, तर मात्र त्यात नेमका कोणता मजकूर आहे आणि तो डोळ्यांना दिसतो की अदृश्य आहे, हे पाहणे भाग आहे.

फॉन्ट पाहताना कोणाची तुलना कोणाशी करावी

एका पानावर दोन फॉन्ट दिसले की नवा तपासनीस लगेच खूण करतो, आणि ती खूण बहुतेक वेळा चुकीची ठरते. गुणपत्रक अनेकदा दोन टप्प्यांत तयार होते. संस्थेचे नाव, चौकट, रकान्यांची शीर्षके हा नमुना छापखान्यात आधीच छापून ठेवलेला असतो. विद्यार्थ्याचे नाव, क्रमांक, गुण हे नंतर लेझर किंवा डॉट मॅट्रिक्स यंत्राने त्यावर भरले जातात. या दोन गटांचे फॉन्ट वेगळे असणे स्वाभाविक आहे. तुलना करायची ती भरलेल्या मजकुराची भरलेल्या मजकुराशी, आणि शक्यतो त्याच अंकाची त्याच अंकाशी: गणितातल्या ८ ची भौतिकशास्त्रातल्या ८ शी.

या दोन टप्प्यांतून एक फार उपयोगी खूण हाती लागते. आधी छापलेल्या चौकटीत नंतरची छपाई सहसा अगदी मधोमध बसत नाही. ती थोडी खाली, वर किंवा बाजूला सरकते. परंतु भरलेला सगळा मजकूर एकाच वेळी छापला जात असल्याने तो एकाच दिशेने आणि जवळपास सारखाच सरकलेला असतो. सर्व विषयांचे गुण रकान्याच्या खालच्या रेषेला टेकू पाहत असताना एकाच विषयाचे गुण चौकटीत नीटनेटके मधोमध बसलेले दिसले, तर संशय त्या नीटनेटकेपणाचा घ्यावा.

मराठी दाखल्यांत अक्षरवळण बरेच बोलके असते. शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची प्रमाण रूपे ठरवली, आणि महाराष्ट्रातील छपाईत ती त्याआधीपासून रूढ होती. विंडोजमधील मंगल या फॉन्टमध्ये मात्र ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. पानावर इतरत्र भरलेले ल पाकळीयुक्त आणि आडनावातील ल तेवढा हिंदी वळणाचा, असे दिसले तर ते नाव नंतर टंकलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

फॉन्टच्या जन्मतारखेचाही उपयोग होतो. मंगल विंडोज २००० बरोबर आला, निर्मला यूआय विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये आला, आणि ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. तेव्हा २००८ च्या उत्पन्नाच्या दाखल्यावर छापील ₹ असेल, तर तो कागद २००८ मध्ये छापलेला नाही. पाकिस्तानात २०१७ साली पनामा प्रकरणात फेब्रुवारी २००६ ची तारीख असलेला दस्त कॅलिब्रीमध्ये टंकलेला असल्याने गाजला होता. कॅलिब्री सर्वसामान्य वापरात आला तो २००७ च्या ऑफिस आणि विंडोज व्हिस्टाबरोबर. इथेही पाय जपून टाकावा. हरवलेल्या गुणपत्रकाची दुय्यम प्रत आज छापली जाते, त्यामुळे तिच्यावर परीक्षेचे वर्ष जुने आणि फॉन्ट नवा असू शकतो. पानावर ‘दुय्यम प्रत’ किंवा ‘डुप्लिकेट’ असा शेरा आहे का, हे आधी शोधावे.

पिक्सेलपर्यंत उतरणे

बाहेर काढलेले चित्र गिंपमध्ये उघडावे आणि ८०० टक्के मोठे करावे. आता एखाद्या निःसंशय अक्षराचा उभा दांडा शोधावा, उदाहरणार्थ विषयाच्या नावातला, आणि काळ्या शाईपासून कागदाच्या रंगापर्यंत पोहोचताना मध्ये किती करडे पिक्सेल लागतात ते मोजावेत. ३०० डीपीआयच्या ठीकठाक स्कॅनमध्ये ही संख्या दोन ते तीनच्या आसपास असते. तिची नेमकी किंमत महत्त्वाची नाही. ती पानभर सारखी असणे महत्त्वाचे आहे. दुसरीकडून आणून मोठा केलेला अंक पसरतो, त्याच्या काठावर चार-पाच करडे पिक्सेल मोजता येतात. उलट, संपादकात थेट टंकलेल्या अंकाचा काठ फार स्वच्छ असतो: एकच करडी कड, सर्वत्र सारखी, आणि शाईचा ओबडधोबडपणा कुठेच नाही. संगणकाच्या पडद्यावरून कापून आणलेल्या अक्षरांना अनेकदा डावीकडे तांबूस आणि उजवीकडे निळसर झालर असते. स्कॅनरही रंगीत झालर देतो, परंतु ती सगळ्या पानावरच्या अक्षरांना असते.

यानंतर कागदाकडे पाहावे. कागद वरवर पांढरा दिसला तरी स्कॅनमध्ये तो कधीच एका रंगाचा नसतो. गिंपमध्ये `Colors > Levels` उघडून काळा बिंदू २०० च्या आसपास ओढला की २०० ते २५५ या अरुंद पट्ट्यातील फरक ताणला जातो, आणि फिकट जाळीची नक्षी, घडीची रेघ, कागदाचे रवे ठळकपणे वर येतात. जुना अंक पुसून त्याजागी रंग भरलेला असेल, तर तेवढ्या चौकोनात रवे नाहीसे झालेले दिसतात किंवा जाळीची नक्षी अचानक तुटते. ही एकच क्रिया नव्या माणसाने पक्की शिकली, तरी ढोबळ फेरफारांपैकी बराचसा भाग त्याच्या हाती लागेल. फक्त काही स्कॅनर पार्श्वभूमी आपोआप धुऊन सगळा कागद शुभ्र करतात, आणि अशा स्कॅनमध्ये ही तपासणी काहीच सांगत नाही.

तिसरी गोष्ट तिरकेपणाची. हाताने काचेवर ठेवलेले पान सहसा थोडे वळलेले असते. गिंपच्या मोजपट्टीने चौकटीची एखादी लांब आडवी रेषा मोजली की तिचा कोन मिळतो. कोन अर्धा अंश असेल, तर १५०० पिक्सेल लांबीत रेषा १३ पिक्सेल उतरते, आणि २०० पिक्सेल लांबीच्या नावात पावणेदोन पिक्सेल. नंतर टंकलेले नाव मात्र तळरेषेला अगदी आडवे असते. दोन अंकी गुणांच्या रुंदीत हा फरक अर्ध्या पिक्सेलचा भरतो आणि तेवढ्यावर काही बोलता येत नाही. म्हणून तिरकेपणाची कसोटी नावे, तारखा आणि अक्षरी गुण अशा लांब मजकुरालाच लावावी. स्कॅनिंगच्या अ‍ॅपने पान आपोआप सरळ केले असेल, तर तीही निकामी होते.

एक नमुना शेवटपर्यंत

शिकवण्यासाठी तयार केलेला एक नमुना पाहू. काल्पनिक विद्यापीठाचे गुणपत्रक, ३०० डीपीआय, २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, पानाचा कल ०.४ अंश. रसायनशास्त्राचे मूळ गुण ४८ होते, ते ७८ केले आहेत. अक्षरी गुण ‘फॉर्टी एट’ऐवजी ‘सेव्हन्टी एट’ केले आहेत आणि ६०० पैकी एकूण ४१२ चे ४४२ झाले आहेत. टक्केवारीही ६८.६७ वरून ७३.६७ केली आहे, म्हणजे बेरीज आणि टक्केवारी दोन्ही जुळतात. पडताळणीत आधी बेरीज करून पाहावीच, कारण ती चुकली तर पुढचे बरेच कष्ट वाचतात. इथे मात्र ती काही सांगत नाही.

`pdfimages` एकच चित्र दाखवते, म्हणजे सगळे संपादन एका थरात मिसळून टाकलेले आहे. फॉन्टही जुळतो, कारण फेरफार करणाऱ्याने अंक त्याच पानावरून घेतले आहेत. ७ हा अंक बैठक क्रमांकातून उचलला आहे. बैठक क्रमांक १० पॉइंटमध्ये आणि गुण ११ पॉइंटमध्ये छापलेले असल्याने ३०० डीपीआयला त्यांच्या अंकांची उंची अनुक्रमे सुमारे ३० आणि ३३ पिक्सेल भरते. करणाऱ्याला हे कळले आहे. त्याने ७ ची उंची ताणून ३३ केली आहे आणि डोळ्याला काहीही खटकत नाही. पण ताणताना काठ पसरला. शेजारच्या ८ ला काठावर दोन ते तीन करडे पिक्सेल आहेत आणि ७ ला चार ते पाच. शिवाय सर्व विषयांचे गुण खालच्या रेषेपासून ११ पिक्सेल वर आहेत, हा ७ तेवढा १३ पिक्सेलवर तरंगतो.

अक्षरी गुणांमध्ये ‘सेव्हन्टी’ हा शब्द त्याच पानावर जीवशास्त्राच्या ‘सेव्हन्टी टू’मधून आणलेला आहे. इथे काठ, रवे, तिरकेपणा सगळेच जुळणार, कारण तुकडा त्याच स्कॅनचा आहे. तो ओळखण्याची रीत वेगळी आहे. एका शब्दाभोवतीचा भाग नवीन थरावर घेऊन दुसऱ्यावर नेमका ठेवावा आणि थराची पद्धत `Difference` करावी. दोन्ही शब्द स्वतंत्रपणे छापलेले असतील, तर शाईच्या आणि रव्यांच्या फरकामुळे अक्षरांच्या कडा उजळ ठिपक्यांनी दिसतात. यंत्र कितीही चांगले असले तरी दोन छाप पिक्सेलशः एक येत नाहीत. या नमुन्यात तो भाग जवळजवळ पूर्ण काळा होतो. ‘व्ह’च्या वरचा धुळीचा एक ठिपकासुद्धा दोन्हीकडे त्याच जागी आहे. एकूण गुणांतील मधला ४ हा पहिल्या ४ ची नक्कल असल्याचेही याच रीतीने दिसते, आणि `Levels` ताणल्यावर त्या मधल्या ४ भोवती जाळीची नक्षी अडखळते, कारण मूळ १ ची जागा मोठ्या अंकाने भरून काढावी लागली आहे.

इथे फसगत होते

हुबेहूब सारख्या अंकांवरून निष्कर्ष काढण्याआधी `-list` मधील `enc` रकाना जरूर पाहावा. तिथे `jbig2` लिहिलेले असेल, तर सारखेपणाला काही किंमत उरत नाही. या दाबण्याच्या पद्धतीत यंत्र सारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवून सगळीकडे तीच वापरू शकते. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांवर याहून गंभीर प्रकार दाखवून दिला: स्कॅन करताना यंत्र स्वतःच ६ च्या जागी ८ बसवत होते. म्हणजे आकडा बदललेला असूनही कोणी तो बदललेला नसतो. अशा फाइलवर पिक्सेलचा पुरावा मांडूच नये, नवे स्कॅन मागवावे.

जेपेग चित्र आठ गुणिले आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबले जाते, त्यामुळे अक्षरांभोवती करड्या चिलटांसारखा गोंधळ दिसतो. नवखे डोळे त्यालाच खाडाखोड समजतात. तो गोंधळ सर्व अक्षरांभोवती असेल, तर सोडून द्यावा. चित्र पुन्हा दाबून फरक रंगात दाखवणारी ईएलए नावाची तपासणी लोकप्रिय आहे. तिच्यात ठळक अक्षरे, शिक्के आणि गडद कडा खऱ्या कागदातही उजळतात, म्हणून केवळ तिच्या आधारावर कोणाविरुद्ध काही लिहू नये. फाइलच्या माहितीत फोटोशॉपचे नाव दिसणे हाही पुरावा नव्हे. सायबर कॅफेतला माणूस कडा कापण्यासाठी तेच वापरतो.

नोंद कशी लिहावी आणि पुढे काय करावे

अहवालात ‘बनावट’ हा शब्द लिहू नये. तो निर्णय तुमचा नाही. जे दिसले ते जागेसकट लिहावे. ‘रसायनशास्त्राच्या गुणांतील पहिला अंक: काठाची रुंदी ४ ते ५ पिक्सेल, त्याच रकान्यातील इतर अंकांची २ ते ३, चौकटीच्या खालच्या रेषेपासून अंतर १३ पिक्सेल, इतरत्र ११’ अशी नोंद दुसरा माणूस तपासून पाहू शकतो. संशयित जागा आणि तुलनेची जागा यांची सारख्याच प्रमाणात मोठी केलेली दोन चित्रे शेजारी शेजारी जोडावीत. वेगवेगळ्या जातीच्या निदान दोन विसंगती एकाच जागी सापडल्या, तरच प्रकरण पुढे न्यावे, हा माझा नियम आहे. एकट्या काठाच्या किंवा एकट्या फॉन्टच्या विसंगतीवर मी नवीन स्कॅन मागवण्यापलीकडे जात नाही.

नवीन स्कॅन मागवताना मूळ कागदाचे, रंगीत, ३०० डीपीआयचे असे स्पष्ट लिहावे आणि संशय कोणत्या आकड्यावर आहे ते सांगू नये. गुणपत्रक डिजिलॉकरमध्ये उपलब्ध असेल, तर अर्जदाराला तिथून थेट द्यायला सांगावे. तिथे ‘इश्यूड’ विभागातील कागद देणाऱ्या संस्थेकडून आलेला असतो, परंतु अर्जदाराने स्वतः चढवलेली फाइल ही साधे स्कॅनच असते; या दोन्हींत गल्लत होऊ देऊ नये. ते शक्य नसेल, तर बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना व वर्ष आणि गुणपत्रकाचा अनुक्रमांक लिहून मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पडताळणीसाठी पत्र पाठवावे. पत्राचा पत्ता आणि ईमेल संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा, गुणपत्रकावर छापलेला घेऊ नये, कारण तोही त्याच स्कॅनमध्ये बदललेला असू शकतो.